फ्रीझरमध्ये ठेवल्याने अन्नातील जिवाणू मरतात का?

चिकन फ्रीझरमध्ये होते, म्हणजे त्यातील जिवाणू गोठून मेले असणार, असा समज अनेक घरांत असतो. प्रत्यक्षात उणे १८ अंश सेल्सिअसला जिवाणूंची वाढ थांबते. काही मरतात, पण बरेचसे निपचित पडून राहतात. प्रयोगशाळांमध्ये तर जिवाणू वर्षानुवर्षे जिवंत ठेवायचे असतील, तर ते ग्लिसरॉलमध्ये मिसळून उणे ८० अंशांना गोठवूनच ठेवतात!

गोठताना काय होते?

आधी जिवाणूंभोवतीच्या पाण्याचा बर्फ होतो. उरलेल्या पाण्यात क्षार दाट होतात आणि ते पेशीतील पाणी बाहेर ओढतात. बर्फाचे स्फटिक पेशीचे आवरणही फाडतात. यात काही जिवाणू मरतात, काही जखमी होतात. ‘लिस्टेरिया’सारखे चिवट जिवाणू मात्र तग धरतात. अमेरिकेत २०१५ मध्ये लिस्टेरिया असलेल्या आइस्क्रीममुळे १० जण आजारी पडल्याचे उघड झाले. त्यातील पाच जण कॅन्सस राज्यातील एका रुग्णालयात आधीपासूनच दाखल होते. त्यांच्यापैकी तिघांचा मृत्यू झाला. गोठवलेला पदार्थ म्हणजे निर्धोक पदार्थ नव्हे, हे त्यातून दिसले.

खरा धोका बर्फ वितळताना

सकाळी फ्रीझरमधून काढलेले किलोभर चिकन ओट्यावर ठेवून घरातली मंडळी कामाला जातात. आतला भाग दगडासारखा असतानाच वरचा थर खोलीच्या तापमानाला येतो, आणि जिवाणू बहुतांशी याच थरावर असतात. समजा, हजारांपैकी १०० जिवाणू वाचले. जखमी जिवाणूंना सावरायला थोडा वेळ लागतो. त्यानंतर दर अर्ध्या तासाला संख्या दुप्पट झाली, तर चार तासांत ती २५ हजारांवर जाते. फ्रीझरने केलेली कत्तल दुपारपर्यंत वाया!

नीट शिजवल्यास जिवाणू मरतात. चिकनच्या आतल्या भागाचे तापमान ७४ अंशांपर्यंत जायला हवे. पण ‘स्टॅफिलोकोकस’सारख्या जिवाणूने आधीच तयार केलेले विष उकळूनही जात नाही. म्हणून चिकन आदल्या रात्रीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात ठेवावे. घाई असेल, तर घट्ट बंद पिशवीत घालून गार पाण्यात बुडवावे, दर अर्ध्या तासाला पाणी बदलावे आणि लगेच शिजवावे.

वीज गेली तर?

गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडल्यास साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. गावी जाताना मात्र मागे काय झाले हे कळत नाही. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे: वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर नाणे ठेवायचे. परतल्यावर नाणे वरच असेल, तर बर्फ वितळला नव्हता. ते तळाशी गेलेले दिसले, तर मधल्या काळात सगळे वितळून पुन्हा गोठले आहे; ते चिकन फेकून द्यावे.