सत्तर खणांचा इशारा

खडकवासल्यातून मुठेत विसर्ग वाढला की धरणाखालच्या वारज्यात नदीकाठी लगेच इशारा पोहोचायला हवा. इंग्रजी एसएमएसला १६० खण मिळतात, देवनागरीला ७० च. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, रिकामी जागा, सगळे एकेक खण खातात. ‘रात्री’ डोळ्यांना दोन अक्षरी, फोनच्या हिशेबी सहा खणांची.

नमुना म्हणून हा मजकूर मोजा:

‘रात्री ८ पासून मुठेत विसर्ग वाढणार. वारजे नदीकाठ सोडा. पुलावर जाऊ नका’

६९ खण! ‘नागरिकांनी सतर्क राहावे’ला इथे जागा नाही, आणि बरेच झाले, त्यातून काय करायचे ते कळत नाही. क्युसेकचा आकडाही मी गाळला. तो अभियंत्याच्या कामाचा. काठावरच्याला वेळ, जागा आणि कृती हवी.

७० ओलांडले की संदेशाचे तुकडे होतात आणि प्रत्येकात ६७ च खण उरतात, कारण तुकडे जोडण्याची खूण जागा घेते. एखादा तुकडा रखडला तर संदेश अर्धवट राहू शकतो.

इंग्रजीतही सापळा आहे: एखादे देवनागरी अक्षर किंवा वळणदार अवतरणचिन्ह शिरले, की अख्ख्या संदेशाची मर्यादा १६० वरून ७० वर घसरते. म्हणून दोन्ही भाषा एकाच संदेशात कोंबू नयेत, वेगवेगळ्या पाठवाव्यात, मराठी आधी.