महागाई आणि मंदी एकाच वेळी

महागाई वाढत असतानाच उत्पादन थंडावते आणि बेरोजगारीही वाढते, त्या अवस्थेला अर्थशास्त्रात स्टॅगफ्लेशन म्हणतात. एरवी ही दुखणी सहसा एकत्र येत नाहीत. लोकांच्या हातात पैसा खेळू लागला की माल खपतो, कारखाने जादा पाळ्या चालवतात, माणसांना कामे मिळतात आणि किमती चढतात. मंदीत ग्राहक हात आखडता घेतो, माल पडून राहतो आणि भाव नरमतात. ए. डब्ल्यू. फिलिप्स यांनी १९५८ साली ब्रिटनमधील सुमारे शंभर वर्षांची आकडेवारी मांडली, तेव्हा हाच कल दिसला होता: बेरोजगारी कमी असलेल्या काळात मजुरीचे दर वेगाने वाढत, बेरोजगारी जास्त असताना ते थबकत.

मध्यवर्ती बँकेचे नेहमीचे काम याच कलावर उभे असते. तिच्या हातातले मुख्य हत्यार म्हणजे व्याजदर. तो वाढवला की घर, गाडी, यंत्रसामग्री यांसाठीचे कर्ज महागते, खरेदी लांबणीवर पडते आणि भावांवरचा ताण उतरतो. दर कमी केला की याच्या उलट घडते. पण दोन्ही बाजूंनी हे हत्यार चालते ते फक्त मागणीवर. स्टॅगफ्लेशनची सुरुवात बहुधा पुरवठ्याच्या बाजूने होते, आणि बँकेची अडचण तिथूनच सुरू होते.

१९७० च्या दशकातील अमेरिकेत ही अडचण सर्वांत स्पष्ट दिसली. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्धाच्या पार्श्वभूमीवर अरब देशांनी अमेरिकेला तेल देणे थांबवले. सुमारे तीन डॉलरला मिळणारे खनिज तेलाचे पिंप १९७४ च्या सुरुवातीला जवळपास बारा डॉलरवर गेले. तेल महागले की वाहतूक, खते, प्लॅस्टिक, वीज असे बरेच काही महागते, त्यामुळे किमती वाढल्या. त्याच वेळी पेट्रोलवर जादा खर्च झालेला पैसा कुटुंबांना इतर खरेदीसाठी उरला नाही आणि वाढलेल्या खर्चामुळे कारखान्यांना पूर्वीइतके उत्पादन परवडेना. एकाच धक्क्याने भाव वर गेले आणि रोजगार खाली आला. १९७४ च्या अखेरीस अमेरिकेतील महागाईचा दर १२ टक्क्यांच्या पुढे होता. मे १९७५ मध्ये बेरोजगारी ९ टक्क्यांवर पोहोचली.

अशा वेळी व्याजदर वाढवावा तर कामगारांच्या नोकऱ्या आणखी जातात, आणि त्याने तेलाचा एक थेंबही वाढत नाही. दर कमी करावा तर अपुऱ्या मालामागे धावणारा पैसा वाढतो आणि महागाई भडकते. अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह, म्हणजेच फेड, तेव्हा आर्थर बर्न्स यांच्या अध्यक्षतेखाली होती. तिने दोन्ही वाटा आळीपाळीने चालून पाहिल्या. १९७४ च्या मध्यावर फेडचा अल्पमुदतीचा व्याजदर १३ टक्क्यांच्या आसपास होता. मंदी खोल झाल्यावर तो झपाट्याने उतरवला गेला आणि १९७६ च्या सुरुवातीला पाच टक्क्यांच्या जवळ आला. महागाईही त्या वर्षअखेर पाच टक्क्यांपर्यंत खाली आली, पण १९७८ च्या शेवटी ती पुन्हा नऊ टक्क्यांवर होती.

या चढउतारात तेलापेक्षाही चिवट अशी एक गोष्ट तयार झाली: महागाई अशीच चालू राहणार, हा लोकांचा विश्वास. मिल्टन फ्रीडमन आणि एडमंड फेल्प्स या अर्थतज्ज्ञांनी १९६० च्या दशकातच याचा इशारा दिला होता. थोडी महागाई सोसून बेरोजगारी कायमची कमी ठेवता येत नाही, कारण लोक त्या महागाईचा हिशेब आधीच करू लागतात, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात तसेच घडले. कामगार संघटनांनी करारांत महागाईनुसार आपोआप वाढणाऱ्या वेतनाची कलमे घालून घेतली. उद्योजकांनी वाढणारे वेतन गृहीत धरून मालाच्या किमती ठरवल्या. तेलाच्या एका धक्क्याने किमती एकदा चढून थांबायला हव्या होत्या. या साखळीमुळे त्या दरवर्षी चढत राहिल्या. म्हणूनच स्टॅगफ्लेशन ओळखताना फक्त तेलाच्या किंवा धान्याच्या भावावर नजर ठेवून भागत नाही. वेतन, भाडे, दुरुस्ती यांसारख्या सेवांचे दरही पाठोपाठ चढू लागले आणि रोजगार त्याच काळात घटत असेल, तर आजार मुरला असे समजावे. २०२२ च्या मध्यावर अमेरिकेत महागाई नऊ टक्क्यांवर गेली, तेव्हा स्टॅगफ्लेशनची चर्चा बरीच झाली. पण त्या वेळी बेरोजगारी चार टक्क्यांच्याही खाली होती, म्हणजे त्यातला अर्धा भाग जुळतच नव्हता.

बर्न्स यांच्या काळातील चुकांना आणखी एक कारण होते. अर्थव्यवस्थेची उत्पादनक्षमता किती आहे, याचा फेडचा अंदाजच फुगलेला होता. प्रति कामगार उत्पादनाची वाढ १९७३ नंतर मंदावली, पण ते पुढे काही वर्षांनी नीट उमगले. रिकामी क्षमता भरपूर आहे असे समजून दर सैल ठेवले गेले, आणि ती क्षमता मुळात नव्हतीच. हा धोका आजही टळलेला नाही, कारण अर्थव्यवस्थेची क्षमता थेट मोजता येत नाही.

१९७९ मध्ये इराणमधील क्रांतीनंतर तेल पुन्हा भडकले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पॉल व्होल्कर फेडचे अध्यक्ष झाले आणि ६ ऑक्टोबरला त्यांनी पैशाच्या पुरवठ्यावर कडक लगाम घालण्याचे धोरण जाहीर केले. १९८० च्या वसंतात महागाई १४ टक्क्यांच्या वर होती. मंदीची चाहूल लागताच त्या उन्हाळ्यात दर उतरले, आणि फेड याही वेळी माघार घेणार अशी शंका बळावली. ती शंका मोडण्यासाठी दर पुन्हा वर नेऊन १९८१ मध्ये १९ टक्क्यांच्या पुढे ठेवावा लागला. घरकर्जाचा दर १८ टक्क्यांवर गेला. कर्जबाजारी शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर घेऊन वॉशिंग्टनमधील फेडच्या कार्यालयाला वेढा घातला, बांधकाम व्यावसायिकांनी निषेध म्हणून लाकडाचे तुकडे टपालाने पाठवले. १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर पोहोचली. १९८३ मध्ये मात्र महागाई तीन-चार टक्क्यांच्या घरात आली आणि पुढे बराच काळ ती काबूत राहिली.

या यशाची किंमत ज्यांनी मोजली, त्यांत अमेरिकेबाहेरचेही पुष्कळ होते. डॉलरमध्ये कर्ज घेतलेल्या देशांचे व्याज अचानक वाढले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हप्ते फेडता येत नसल्याचे जाहीर केले. पाठोपाठ लॅटिन अमेरिकेतील इतर देशही संकटात सापडले. महागाई मोडली, ती फेड आता मागे हटणार नाही हे लोकांना पटल्यावर. आणि ते पटवण्यासाठी इतकी मोठी बेरोजगारी सोसावी लागली, हेच या उपायाचे सर्वांत कठोर अंग आहे.

तेलाच्या टंचाईवर मात्र व्याजदराने उपाय झाला नाही. ती दूर होण्यामागे अलास्काची १९७७ मध्ये सुरू झालेली तेलवाहिनी, उत्तर समुद्रातील नवी क्षेत्रे आणि कमी इंधन खाणाऱ्या गाड्या होत्या. खपही घटत गेला, आणि १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले.