शाफ्ट खांद्यातच का तुटतो?

यंत्राचा शाफ्ट क्वचितच एकाच जाडीचा असतो. बेअरिंग बसवायला एक टोक बारीक करतात, आणि ते आत सरकू नये म्हणून पुढचा भाग जाड ठेवतात. जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो ती पायरी म्हणजे खांदा. तुटलेला शाफ्ट बराच वेळा नेमका याच ठिकाणी तुटलेला असतो, आणि पहिला संशय पोलादावर जातो. 'माल हलका निघाला' असं म्हणून नवा शाफ्ट त्याच ड्रॉइंगवरून बनवला जातो. खरं कारण मात्र अनेकदा खांद्याच्या कोपऱ्यातल्या त्या लहानशा गोलाईत असतं. कारखान्यात तिला फिलेट किंवा नुसतं 'रेडियस' म्हणतात.

पट्ट्याच्या ओढीने शाफ्ट वाकतो तेव्हा त्याच्या एका बाजूचा पृष्ठभाग ताणला जातो आणि समोरचा दाबला जातो. मध्यावर जवळजवळ काहीच नसतं, सगळ्यात जास्त ताण कातडीवर असतो. आता जाड भागातून बारीक भागाकडे जाणारा हा ताण म्हणजे रुंद पात्रातून अरुंद पात्रात शिरणारं पाणी समजा. बाहेरच्या कडेने आलेला प्रवाह खांद्यापाशी एकदम आत वळतो आणि कोपऱ्याला चिकटून दाटी करतो. कोपरा जितका तीक्ष्ण, तितकी दाटी जास्त. ती सर्वाधिक कुठे असते, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. गोलाईच्या मध्यावर नाही, तर गोलाई बारीक भागाला जिथे मिळते त्याच्या अगदी जवळ. पहिली बारीक चीर तिथेच शोधावी.

एक हिशेब करून पाहू. शाफ्टचा बारीक भाग 40 मिलिमीटर व्यासाचा, जाड भाग 48 चा. बारीक टोकावर खांद्याला टेकून बेअरिंग आहे आणि त्याच्या बाहेर, बेअरिंगच्या मध्यापासून 95 मिलिमीटरवर पुली. पट्ट्याची एकूण ओढ 6000 न्यूटन, म्हणजे साधारण 600 किलोचा भार. पीळ सध्या बाजूला ठेवू. खांदा नाहीच असं धरून नेहमीच्या सूत्राने काढलेला वाकण्याचा ताण सुमारे 90 मेगापास्कल येतो. हा झाला हिशेबी ताण. प्रत्यक्ष कोपऱ्यात तो काही पटींनी वाढतो, आणि ती पट दोन गुणोत्तरांवर ठरते: जाड व्यास भागिले बारीक व्यास, आणि गोलाईची त्रिज्या भागिले बारीक व्यास.

ड्रॉइंगवर रेडियस लिहिलाच नसेल तर लेथच्या हत्याराच्या टोकाची जी गोलाई असेल तीच कोपऱ्यात उतरते. ती 0.4 मिलिमीटर असणं अगदी नेहमीचं. मग पट 2.65 च्या आसपास येते आणि कळसाचा ताण 240 मेगापास्कलच्या घरात जातो. त्रिज्या 1 मिलिमीटर केली तर पट 2.17 होते आणि ताण 195 वर येतो. 2 मिलिमीटर केली तर पट 1.87, ताण 168. भार तोच, पोलाद तेच, व्यासही तेच. या शाफ्टमध्ये त्रिज्या दुप्पट केली की कळसाचा ताण साधारण सातव्या हिश्श्याने उतरतो. म्हणजे 0.4 वरून 0.8 वर गेल्याचा जो लाभ, तोच मिळवायला पुढे 2 वरून 4 वर जावं लागतं. सुरुवातीचा अर्धा मिलिमीटर सगळ्यात मोलाचा.

उलट, जाड भाग आणखी जाड केला तर खांदा मजबूत होईल, ही समजूत चुकीची आहे. 48 चा व्यास 80 केला आणि त्रिज्या 1 मिलिमीटरच ठेवली तर पट 2.17 वरून 2.6 वर चढते. जास्त लोखंड घालून शाफ्ट कमजोर होतो.

यावर एक रास्त शंका येते. साध्या शाफ्टचं पोलाद 240 मेगापास्कलला सहसा तुटत नाही, मग बिघडलं कुठे? एकदाच भार दिला तर खरंच काही बिघडत नाही. कोपऱ्यात पोलाद जागच्या जागी किंचित ढळलं तरी शाफ्ट काम देत राहतो. पण शाफ्ट फिरतो. कातडीवरचा प्रत्येक कण दर फेऱ्यात एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. मिनिटाला 300 फेरे, हा संथ वेग धरला तरी आठ तासांच्या सात पाळ्यांत दहा लाख फेरे पूर्ण होतात. 600 मेगापास्कलला तुटणारं साधं पोलाद घेतलं, आणि लेथवरच्या पृष्ठभागाचा खरखरीतपणा, शाफ्टची जाडी आणि सुरक्षिततेची सूट वजा केली, तर अशा उलटसुलट ताणाखाली ते अंदाजे 170 मेगापास्कलपर्यंतच निर्धास्त टिकतं.

फार लहान गोलाईत पोलाद कळसाचा सगळा ताण मनावर घेत नाही, कारण तो इतक्या इवल्याशा जागेत असतो. ही सवलत धरली तर आपल्या तीन गोलाईंसाठी परिणामकारक ताण सुमारे 185, 168 आणि 152 येतात. 0.4 चा शाफ्ट थकून तुटणार, 1 चा काठावर, 2 चा टिकणार. जास्त ताकदीच्या पोलादाला ही सवलत कमी मिळते. म्हणून नुसतं महाग पोलाद घेऊन अपेक्षेइतका फायदा होत नाही.

हे ज्ञान माणसं गमावून मिळालेलं आहे. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले आणि आगीत पन्नासहून अधिक प्रवासी गेले. हादऱ्यांनी लोखंड आतून स्फटिकासारखं ठिसूळ होतं, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. विल्यम रँकिन या तरुण स्कॉटिश अभियंत्याने 1843 मध्ये तुटलेल्या आसांचा अभ्यास मांडला. चीर खांद्याच्या तीक्ष्ण कोपऱ्यात सुरू होऊन हळूहळू आत सरकते, म्हणून तिथे मोठी गोलाई ठेवा, असं त्याचं सांगणं होतं.

मग सगळीकडे मोठी गोलाई का देत नाहीत? अडचण बेअरिंगची. 40 मिलिमीटरच्या शाफ्टवर बसणारं 6208 नंबरचं नेहमीचं बेअरिंग घ्या. त्याच्या आतल्या कडेची गोलाई किमान 1.1 मिलिमीटर असते, म्हणून शाफ्टवर 1 मिलिमीटरहून मोठी त्रिज्या चालत नाही. जास्त ठेवली तर बेअरिंग गोलाईवर चढतं, खांद्याला सपाट टेकत नाही आणि तिरकं बसतं. मग आपला शाफ्ट काठावरच राहणार का? नाही. खांदा आणि बेअरिंग यांच्यामध्ये आतली कड भरपूर उतरवलेली एक रिंग घालता येते. तिच्या आड 2 मिलिमीटरची गोलाई सुखाने मावते. किंवा गोलाई खांद्याच्या उभ्या तोंडात आत कोरता येते. या कामाला लागणारा खर्च नव्या शाफ्टच्या मानाने किरकोळ आहे.

तुटलेलं तोंड सगळी हकिकत सांगतं. थकून तुटलेल्या शाफ्टचा बराच भाग गुळगुळीत असतो, त्यावर अनेकदा ओहोटीच्या रेषांसारखे कमानीदार पट्टे दिसतात, आणि शेवटी एकदम तुटलेला तुकडा खरबरीत असतो. कोपरा फार तीक्ष्ण असेल तर चिरा एकाच जागी न उगवता परिघावर ठिकठिकाणी उगवतात. कडेने करवतीच्या दातांसारख्या लहान पायऱ्या दिसतात आणि खरबरीत भाग मध्याकडे सरकलेला असतो. हे दिसलं तर पोलादाला दोष देण्याआधी कोपऱ्याला रेडियस गेज लावा. आणि नवा शाफ्ट टाकण्यापूर्वी ड्रॉइंगवर खांद्याची त्रिज्या आकड्यात लिहा, तिथे हत्याराच्या खुणा राहू नयेत असंही लिहा. टर्नरला जे सांगितलं नाही, ते तो करणार नाही.