काळजाखालची कळ : कुणाला आली?

गेल्या आठवड्यात आपण उजव्या कुशीतल्या दुखण्याबद्दल बोललो. आज थोडं वर सरकू. बेंबीच्या वर, बरगड्यांच्या कमानीत बोट ठेवून सातारा-सांगलीकडची माणसं ‘काळजाखाली कळ येतीया’ म्हणतात, ती जागा.

हृदयाचा खालचा भाग, जठर, पित्ताशय, फुप्फुसाचा तळ या सगळ्यांच्या संवेदना मज्जारज्जूत जवळजवळच येऊन मिळतात. मेंदूला कळ समजते, पण ती नेमकी कुठून आली ते उमगत नाही. म्हणून डॉक्टर आधी वय विचारतात.

चार वर्षांचं पोर पोट धरून बसलं, तर बहुतेक वेळा बद्धकोष्ठ असतं, नाहीतर सर्दीतापाबरोबर पोटातल्या गाठी सुजलेल्या असतात. हृदयाची शंका क्वचितच घ्यावी लागते. पण ताप-खोकला असेल, तर सदरा वर करून श्वास मोजावेत. पोर शांत असताना मिनिटाला ४० किंवा जास्त भरले, तर पोट निर्दोष असून फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया असू शकतो.

तासगावच्या बागेत दिवसभर हात वर करून द्राक्षछाटणी करणाऱ्या पंचविशीतल्या गड्याचं बहुधा पित्त, नाहीतर आखडलेला स्नायू. छातीच्या हाडालगत बोटानं दाबलं की तीच कळ उठते, हा स्नायूच्या बाजूचा पुरावा. मात्र तंबाखू-सिगारेट असेल, तर तरुण वयावर भिस्त ठेवू नये. आपल्याकडे हृदयविकार लवकर गाठतो. 

आता जत तालुक्यातल्या एक आजी समजा. वय अडुसष्ट, जुनी साखर. पहाटे काळजाखाली जडपणा, मळमळ, घाम. छातीत काहीच नाही. सून सोडा देते, ढेकर येतो, बरं वाटतं. घरच्यांची फसगत होते ती इथंच. सोड्यानं बरं वाटलं म्हणजे पित्तच होतं, असं सिद्ध होत नाही. हृदयाची कळही मध्येच ओसरते. साखरेनं नसा बोथट झाल्या की छातीतली ठरावीक कळ येतच नाही, उरतो तो घाम, थकवा, धाप. तालुक्याच्या टोकाकडच्या गावाहून मिरज-सांगली गाठायला दोन तास सहज जातात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन बारा तासांपर्यंत देता येतं खरं, पण पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा जो उपयोग होतो, तो पुढे झपाट्यानं घटतो. त्यामुळे आजींचा ईसीजी आधी, पोटाची सोनोग्राफी नंतर.

पहिला ईसीजी साफ आला तरी घरी नेण्याची घाई नको. सुरुवातीला तो साफ असू शकतो. कळ चालू असेल, तर पंधरा ते तीस मिनिटांनी दुसरा काढतात, आणि ट्रोपोनिन ही रक्ततपासणी काही तासांनी पुन्हा करतात. दुसरा ईसीजी कधी काढणार, एवढं डॉक्टरांना विचारावं.