पिनेवरच्या काळ्या पट्ट्या

हेडसेटमधून समोरच्याचा आवाज खणखणीत येतो, पण आपला आवाज त्याला मुंगीसारखा बारीक ऐकू जातो आणि मागे सतत ‘सूंऽऽ’ चालू असतं. ही तक्रार आली की लोक माइकला नावं ठेवतात, आणि पुष्कळदा नवा हेडसेटच घेऊन मोकळे होतात. मी आधी पिनेवरच्या काळ्या पट्ट्या मोजायला सांगतो.

साध्या इअरफोनच्या पिनेवर दोन पट्ट्या असतात. त्या प्लॅस्टिकच्या असतात आणि पिनेच्या धातूचे तीन तुकडे अलग ठेवतात. टोकाचा तुकडा डाव्या कानाचा, त्यामागचा उजव्या कानाचा आणि बुडाशी असलेला लांब तुकडा दोघांना मिळून परतीच्या वाटेचा, म्हणजे ग्राउंडचा. मोबाइलच्या हेडसेटला माइकही असतो, त्यामुळे त्याच साडेतीन मिलिमीटर जाडीच्या पिनेवर चौथा तुकडा बसवावा लागतो आणि पट्ट्या तीन होतात. आजच्या बहुतेक फोनच्या रचनेत टोकापासून डावा, उजवा, ग्राउंड आणि बुडाशी माइक असा क्रम असतो. डेस्कटॉप कॉम्प्युटरची तऱ्हा वेगळी. तिथे हिरवं सॉकेट कानांसाठी आणि गुलाबी माइकसाठी, दोन्ही तीन-तीन तुकड्यांच्या पिनेची. सगळ्या पिना एकाच जाडीच्या असल्याने कुठलीही पिन कुठेही बसते, आणि खरी गडबड इथेच होते.

माझ्या मावसबहिणीचंच बघा. ती घरून शिकवण्या घेते. तिने चार तुकड्यांच्या पिनेचा हेडसेट आणून डेस्कटॉपच्या हिरव्या सॉकेटात लावला. ऐकू आलं, पण मुलांना तिचा आवाज जाईना. मग तिने तीच पिन गुलाबी सॉकेटात घातली. आता कानात काही येईना, पण स्क्रीनवरची आवाजाची हिरवी पट्टी किंचित हलायला लागली. तिला वाटलं, जमलं! माइकचा बूस्ट वर नेला, तेव्हा मुलांना आवाज ऐकू आला खरा, पण सोबत पावसाच्या सरीसारखी खरखरही.

फोनवर मी तिला एवढंच म्हटलं, ‘‘ताई, तोंडासमोरच्या माइकवर टिचकी मार, मग डाव्या कानाच्या कपावर मार, आणि पट्टी कधी हलते ते सांग.’’ माइकवर मारल्यावर पट्टी ढिम्म. कपावर मारल्यावर मात्र टुणकन उडाली. म्हणजे कॉम्प्युटर माइक ऐकतच नव्हता, तो डाव्या कानाचा स्पीकर ऐकत होता.

हे कसं घडतं? गुलाबी सॉकेट माइकचा आवाज पिनेच्या टोकाकडून घेतं. चार तुकड्यांच्या पिनेत टोकाशी असतो डावा स्पीकर. स्पीकरमध्ये चुंबकाजवळ तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटलेला पडदा असतो. वीज दिली की पडदा हलतो, आणि उलट पडदा हलवला की वेटोळ्यात थोडीशी वीज तयार होते. म्हणजे स्पीकर हा एक कमकुवत माइकच. त्यातून निघणारा सिग्नल इतका क्षीण असतो की कॉम्प्युटरच्या स्वतःच्या सर्किटमधली सूक्ष्म खरखर जवळपास त्याच पातळीला येते. बूस्ट दोघांनाही सारखंच मोठं करतो. वीस डेसिबलचा बूस्ट म्हणजे सिग्नल दहापट, तीस डेसिबलचा म्हणजे तीसएक पट, आणि खरखरही तितक्याच पट. बूस्टने खरखर निर्माण होत नाही, आधीची वर काढली जाते.

हेडसेटमधला खरा माइक इलेक्ट्रेट जातीचा. त्याच्या पोटात छोटा ट्रान्झिस्टर असतो आणि तो चालायला सॉकेटकडून एक-दोन व्होल्टची वीज मिळावी लागते. पिनेचा तुकडा चुकीच्या संपर्कावर बसला की ती वीज पोचत नाही, आणि चांगला माइकही मुका राहतो.

यावर उपाय म्हणजे एक छोटी वायर. एका टोकाला चार तुकड्यांच्या पिनेसाठी एक सॉकेट, दुसऱ्या टोकाला हिरवी आणि गुलाबी अशा दोन पिना. लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या मोबाइलच्या दुकानात सहज मिळते. पण ‘स्प्लिटर’ एवढंच मागितलं तर दुकानदार हमखास दोघांनी मिळून गाणी ऐकायची वायर काढून देतो. तिच्यावर माइकची तारच नसते, पण दिसायला ती तशीच. म्हणून सरळ सांगावं, ‘‘दादा, फोनचा एका पिनेचा हेडसेट कॉम्प्युटरच्या दोन सॉकेटांना लावायचाय, माइकसकट.’’ टोकाच्या दोन्ही पिनांवर कानाचं आणि माइकचं चित्र आहे का तेही बघावं.

उलट पेचही तितकाच नेहमीचा. जुना दोन पिनांचा हेडसेट आहे आणि नव्या लॅपटॉपला एकच सॉकेट. तिथे नुसती गुलाबी पिन घातली, तर तिचा बुडाचा लांब तुकडा सॉकेटातल्या माइकच्या आणि ग्राउंडच्या दोन्ही संपर्कांवर टेकतो आणि त्यांना जोडून टाकतो. लॅपटॉपला वाटतं, साधा इअरफोन लागलाय. मग तो आपल्या पोटातला माइक चालू ठेवतो. समोरच्याला आपला आवाज दूर विहिरीतून आल्यासारखा येतो, आणि आपण हेडसेटच्या माइकला दोष देत बसतो. इथे उलटी वायर लागते, म्हणजे दोन सॉकेटं आणि चार तुकड्यांची एकच पिन. या दोन वायरी एकमेकींचं काम करत नाहीत.

चार तुकड्यांच्या पिनांमध्येही दोन घराणी आहेत. काही जुन्या फोनच्या रचनेत माइक आणि ग्राउंड यांच्या जागा अदलाबदल असत. तसा हेडसेट आजच्या फोनला लावला की गाणं वाजतं, पण मधला गायकाचा आवाज गायब होतो आणि उरतं ते पोकळ संगीत. कॉल घ्यायचं बटण दाबून धरल्यावर गायक परत आला, तर निदान पक्कं. ते बटण माइकची तार ग्राउंडला जोडतं, म्हणून तात्पुरती परतीची वाट मिळते. या दोन घराण्यांना जुळवणारी छोटी अॅडॅप्टर पिनही मिळते.

योग्य वायर लावूनही थोडी खरखर राहिली, तर विंडोजवर `Win+R` दाबून `mmsys.cpl` लिहावं. `Recording` मध्ये आपला माइक निवडून `Properties` आणि मग `Levels` मध्ये गेलं की `Microphone Boost` दिसतो, निदान बहुतेक कॉम्प्युटरांवर. तो आधी शून्यावर आणावा, वरचा मुख्य आवाज नव्वदच्या आसपास ठेवावा आणि माइक ओठांच्या कडेला दोन बोटांवर घ्यावा. अंतर निम्मं केलं की सिग्नल सहा डेसिबलने वाढतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि सर्किटची खरखर आहे तिथेच राहते. एवढं करूनही कमी पडलं, तरच बूस्ट दहावर न्यावा. माइक अगदी ओठांसमोर मात्र नको, ‘प’ आणि ‘फ’चे फुत्कार येतात.

‘सूंऽऽ’ऐवजी जाडसर ‘घूंऽऽ’ येत असेल, तर ती निराळी गोष्ट आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली, तर ती विजेच्या बोर्डातल्या अर्थिंगची किंवा चार्जरची, आणि तीन पिनांच्या, चांगलं अर्थिंग असलेल्या सॉकेटात लावल्यावर बहुधा जाते. वायर हलवल्यावर कडकड होत असेल, तर पिनेजवळची तार तुटली आहे किंवा सॉकेटात धूळ बसली आहे. जाड कव्हरमुळे पिन पूर्ण आत गेली नाही, तरी तेच होतं.

सॉकेटच सदोष असेल, तर यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड घ्यावं. त्याचं सर्किट कॉम्प्युटरच्या आतल्या गोंगाटापासून थोडं दूर असतं, त्यामुळे खरखर बऱ्याचदा कमी होते. घेताना मात्र त्यावर एक सॉकेट आहे की दोन ते बघून, आपल्या हेडसेटच्या पिना हातात धरूनच घ्यावं.