घोडा दिसतो, स्ट्रायकर दिसत नाही

गोळीबाराच्या मैदानावर पडलेली 9 मिमीची दोन रिकामी काडतुसं उचलून त्यांचा तळ उजेडात धरला, तर कोणतं काडतूस कुठल्या पिस्तुलातून उडालं, याचा बराचसा अंदाज करता येतो. तळाच्या मधोमध तांबूस किंवा रुपेरी बिल्ल्यासारखा दिसतो तो प्रायमर. बेरेटासारख्या पिस्तुलातून सुटलेल्या काडतुसाच्या प्रायमरवर गोल, वाटीसारखा खळगा दिसेल. ग्लॉकमधून सुटलेल्यावर मात्र लांबट खळगा आणि त्याच्याभोवती चौकोनी खूण असते. ग्लॉकच्या टोच्याचं टोक चपटं असतं आणि ते ज्या भोकातून बाहेर येतं ते चौकोनी असतं, म्हणून ही खूण उमटते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतली माणसं ती लगेच ओळखतात.

पिस्तुलाच्या सगळ्या यंत्रणेचा खटाटोप या खळग्यासाठी असतो. प्रायमर ही धातूची चिमुकली टोपी. तिच्यात आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचा थर आणि त्याला टेकून धातूची एक छोटी ऐरण बसवलेली असते. टोपी बाहेरून चेपली की मिश्रण ऐरणीवर चिरडतं, पेटतं आणि त्याची ज्वाळा काडतुसाच्या तळातल्या भोकातून आतल्या दारूपर्यंत पोचते. यासाठी टोचा पुरेसा जोरात आणि पुरेसा खोल लागायला हवा. हा जोर आधी एखाद्या स्प्रिंगमध्ये साठवावा लागतो. तो कुठे साठवायचा, कधी साठवायचा आणि ट्रिगर ओढेपर्यंत तो कशाने रोखून धरायचा, या तीन प्रश्नांची उत्तरं दोन प्रकारच्या पिस्तुलांनी वेगळी दिली आहेत.

जुना आणि ओळखीचा प्रकार घोड्याचा, म्हणजे हॅमरचा. स्लाइडच्या मागे, मुठीच्या वर दिसणारा तो लोखंडी खटका खिळीभोवती फिरतो. त्याची स्प्रिंग मुठीत असते. घोडा सुटला की तो अर्धवर्तुळात येऊन फायरिंग पिनच्या मागच्या टोकावर आदळतो, पिन पुढे उडते, प्रायमरला टोचते आणि स्वतःच्या छोट्या स्प्रिंगमुळे मागे येते. भारतीय लष्करात वर्षानुवर्षं चाललेलं, इशापूरच्या कारखान्यात बनणारं ‘पिस्टल ऑटो 9 एमएम 1ए’ याच घराण्यातलं. ते ब्राउनिंग हाय पॉवरच्या आराखड्यावर बेतलेलं आहे. त्यात ट्रिगर घोडा चढवत नाही, फक्त सोडतो. चढवण्याचं काम अंगठ्याने किंवा स्लाइड मागे ओढून करावं लागतं.

अमेरिकी सैन्याने 1985मध्ये एम9 या नावाने घेतलेलं बेरेटा या बाबतीत दुटप्पी आहे. घोडा खाली असताना ट्रिगर ओढला, तर तोच आधी घोडा मागे चढवतो आणि मग सोडतो. त्यासाठी बोटाला पाच किलोहून अधिक जोर लावावा लागतो. पहिली गोळी सुटली की मागे जाणारी स्लाइड घोडा आपणच चढवते, आणि पुढच्या गोळ्यांना त्याच्या निम्म्याच्या आसपास जोर पुरतो. एका मॅगझिनमध्ये दोन वेगवेगळे ट्रिगर! नवशिक्याची पहिली गोळी खाली जाते आणि दुसरी त्याला वाटतं त्याआधीच सुटते, याचं एक मोठं कारण हेच.

स्ट्रायकरच्या पिस्तुलात घोडा नसतोच. स्लाइडच्या आत, नळीच्या सरळ रेषेत एक जाडसर टोचा असतो आणि त्याला स्वतःची स्प्रिंग असते. हा टोचा मागे ओढून सिअर नावाच्या कडीवर अडकवलेला असतो. कडी सुटली की तो थेट प्रायमरवर जातो. कल्पना नवी नाही, जर्मन सैन्याचं लूगर पी08 असंच होतं. पण ती घराघरांत पोचवली ती ग्लॉकने. पडद्यांच्या दांड्या बनवणाऱ्या गॅस्टन ग्लॉकने पिस्तुलाचा कसलाही अनुभव नसताना केलेलं हे पिस्तूल ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1982मध्ये स्वीकारलं. त्यातली खुबी अशी, की स्लाइड पुढे येताना स्ट्रायकर पूर्ण ताणला जात नाही, अर्धवटच ताणला जातो. उरलेला ताण तुमचं बोट देतं आणि मगच कडी सुटते.

ट्रिगरचा स्पर्श याच्यातूनच ठरतो. ग्लॉकचा ट्रिगर प्रत्येक गोळीला सारखाच, सुमारे अडीच किलोचा. आधी थोडी सैल चाल, मग एक भिंत लागल्यासारखा अडथळा, मग थोडा रबरी ताण आणि सुटका. चांगल्या घोड्याच्या पिस्तुलात, घोडा चढलेला असताना, सुटका काच मोडल्यासारखी होते, कारण बोटाला काही ताणायचं नसतं, कडी सोडवायची एवढंच. म्हणून नेमबाजांचं मन अजूनही घोड्याकडे ओढतं. माझ्या मते पहिली आणि दहावी गोळी एकाच ट्रिगरने सुटणं हे काच मोडल्यासारख्या सुटकेपेक्षा नवशिक्याच्या जास्त कामाचं आहे. पोलीस खात्यांनी ग्लॉक उचलण्यात स्वस्ताई आणि वजन यांच्याबरोबर हेही कारण होतं.

आता सुरक्षिततेकडे. बेरेटाच्या स्लाइडवरची कळ खाली केली, की फायरिंग पिनचा मागचा तुकडा फिरतो आणि घोड्याच्या वाटेतून बाजूला होतो. त्याच वेळी घोडा खाली पडतो, पण त्याचा घाव पिनपर्यंत पोचत नाही. याशिवाय पिनच्या वाटेत एक आडवी खीळ असते. ट्रिगर पूर्ण मागे येईपर्यंत ती हटत नाही. रिकाम्या बेरेटाचा ट्रिगर हळू ओढून पाहिलात, तर मागच्या माशीच्या पुढे स्लाइडच्या पाठीवर एक चिमुकला तुकडा वर डोकावताना दिसतो. ती खीळ उघडण्याची खूण.

ग्लॉकला बाहेर कळच नाही. ट्रिगरच्या मधोमध एक पातळ जीभ आहे. ती दाबली नाही, तर ट्रिगर मागे येत नाही. आत स्ट्रायकरच्या वाटेत खीळ आहे, आणि कडी आपोआप खाली सरकू नये म्हणून तिला आडवी खाच आहे. तिन्ही गोष्टी ट्रिगर ओढताना क्रमाने उघडतात आणि सोडल्यावर बंद होतात. त्यामुळे सगळी भिस्त एकाच गोष्टीवर येते: ट्रिगर हलला, तो बोटानेच हलला असला पाहिजे.

ही भिस्त कशी फसते, ते सिग सॉअरच्या पी320ने दाखवलं. कंपनीच्याच पी250 या घोड्याच्या पिस्तुलावरून ते स्ट्रायकरचं केलं गेलं आणि जानेवारी 2017मध्ये अमेरिकी सैन्याने बेरेटाच्या जागी त्याची निवड केली. यात स्ट्रायकर जवळजवळ पूर्ण ताणलेला राहतो, म्हणून ट्रिगर ग्लॉकहून सुटसुटीत वाटतो. ट्रिगरमध्ये जीभ मात्र नव्हती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये काही परीक्षकांनी दाखवून दिलं, की नागरी बाजारातलं पी320 स्लाइडच्या मागच्या कडेवर एका विशिष्ट तिरक्या कोनात पडलं, तर गोळी सुटू शकते.

कारण साधं आहे. एसटीने जोरात ब्रेक मारला की उभा प्रवासी पुढे जातो, तसं मागच्या बाजूने जमिनीवर आपटलेलं पिस्तूल थांबतं, पण जड धातूचा ट्रिगर त्याच दिशेने, म्हणजे मागे, जात राहतो. ट्रिगरने आपणच आपल्याला ओढलं. आणि ट्रिगर मागे गेला म्हणजे कडीही सुटते, वाटेतली खीळही उघडते. म्हणजे सुरक्षेचा एकही भाग मोडला नव्हता. प्रत्येकाने आपलं काम नेमकं केलं होतं. ठरावीक बाजूंवर पाडून घेतल्या जाणाऱ्या प्रमाणित चाचण्या हे पिस्तूल उत्तीर्ण झालं होतं, पण तो तिरका कोन त्या चाचण्यांत नव्हता. कंपनीने लगेच ऐच्छिक बदल जाहीर केला: हलका ट्रिगर, हलकी कडी, हलका स्ट्रायकर आणि एक वेगळा विलग करणारा भाग. वजन घटलं की झटक्याचा जोर घटतो. सैन्याच्या चाचणीतही अशी घटना घडल्यावर तिथे हलके भाग बसवले गेले, आणि सैन्याच्या पिस्तुलाला अंगठ्याची कळही आहे. पुढे पी320 आपोआप सुटल्याच्या तक्रारी न्यायालयांत गेल्या. ट्रिगर ओढल्याशिवाय ते सुटत नाही, असं कंपनीचं म्हणणं आहे.

एवढ्यावरून स्ट्रायकर धोक्याचा आणि घोडा सुरक्षित असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. मला तो पटत नाही. ग्लॉकही स्ट्रायकरचंच, पण तिथे जीभ दाबल्याशिवाय ट्रिगर हलत नाही आणि स्प्रिंगमध्ये ताण अर्धाच असतो. फरक आराखड्यातल्या तपशिलांचा आहे.

प्रायमर पेटवण्याच्या बाबतीत घोड्याची बाजू थोडी वरचढ आहे. त्याचं वजन जास्त, त्यामुळे लष्करी काडतुसांचे कडक प्रायमरही तो सहसा चेपतो. स्ट्रायकर हलका आणि त्याची वाट अरुंद. त्या वाटेत तेल ओतलं, की त्यात दारूची काजळी मिसळून चिकट गाळ होतो, टोचा मंदावतो आणि खळगा उथळ पडतो. ग्लॉकची ती वाट कोरडीच ठेवायची असते, पण हौशी मालकांचा हात तेलाच्या बाटलीकडे जातोच. दुसरं हौशी काम म्हणजे ट्रिगर हलका करायला कमजोर स्प्रिंग बसवणं. बोटाचे कष्ट वाचतात, पण तेवढाच जोर प्रायमरच्या वाट्यातून जातो. बेरेटातही हाच हिशेब लागू आहे.

गोळी सुटली नाही, तर नळी निशाणाकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचं, कारण प्रायमर कधी उशिरा पेटतो. मग काडतूस काढून तळ बघायचा. उथळ खळगा असेल तर संशय स्ट्रायकरवर किंवा स्प्रिंगवर. खळगा नेहमीएवढा खोल असेल, तर काडतूसच सदोष. कधी प्रायमर पूर्ण आत बसवलेला नसतो. मग पहिल्या घावाचा जोर त्याला आत ढकलण्यातच जातो आणि दुसऱ्या घावाला तो पेटतो. बेरेटात ट्रिगर पुन्हा ओढून दुसरा घाव देता येतो. ग्लॉकमध्ये स्लाइड ओढल्याशिवाय ट्रिगर मेलेलाच राहतो. तरी शिकवताना दोन्हींत सांगतात तेच: लढाईत मॅगझिनवर थाप मार, स्लाइड ओढ, पुढची गोळी घे.

रोजच्या वापरात सगळ्यात जाणवणारा फरक मात्र पिस्तूल म्यानात घालतानाचा. घोड्यावर अंगठा ठेवला, की जॅकेटची दोरी किंवा सदऱ्याचं टोक ट्रिगरमध्ये अडकून तो ओढला जात असेल, तर घोडा मागे सरकताना अंगठ्याला कळतं आणि हात थांबवता येतो. स्ट्रायकरच्या पिस्तुलात ही सूचना मिळत नाही, म्हणून ते म्यानात घालताना बघून आणि सावकाश घालायचं. ग्लॉक उघडून साफ करायचं तर आधी ट्रिगर ओढावाच लागतो. मॅगझिन काढलं, पण चेंबरमधलं काडतूस तसंच राहिलं, असं झालं की घरातल्या टेबलावर गोळी सुटते. बेरेटाला ही पायरी नाही. ग्लॉकवाल्याने म्हणून मॅगझिन काढल्यावर स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये आधी डोळ्यांनी आणि मग करंगळी घालून पाहायचं, ट्रिगरला हात त्यानंतर.