खरकटे काढावे, पण भांडी विसळावीत का?

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम या परिसरातील अनेक घरांत आता भांडी धुण्याचे यंत्र, म्हणजेच डिशवॉशर, दिसू लागले आहे. परंतु यंत्र आले तरी जुनी सवय सुटत नाही. ताटे, वाट्या आधी नळाखाली स्वच्छ विसळून मगच यंत्रात लावल्या जातात. ही सवय आवश्यक आहे की ती पाण्याची नासाडी आहे, याचा विचार करण्यासाठी प्रथम दोन क्रियांमधील भेद लक्षात घेतला पाहिजे. ताटातील उरलेले अन्न चमच्याने किंवा पोळीच्या तुकड्याने काढून टाकणे ही एक क्रिया आहे. नळाखाली भांडे धरून रस्सा व तेलाचा थर धुऊन काढणे ही दुसरी. यांपैकी पहिली आवश्यक आहे, तर दुसरी बहुतेक वेळा अनावश्यक आहे.

यंत्राच्या तळाशी थोडेसे पाणी साठते. तेच पाणी तापवले जाते आणि फिरत्या पात्यांच्या छिद्रांतून भांड्यांवर पुन्हा पुन्हा फवारले जाते. परत येणारे पाणी तळाच्या गाळणीतून जाते. भाताची शिते, कढीपत्त्याची पाने, मिरचीची साले किंवा लिंबाच्या बिया या गाळणीत अडकतात. त्या फार साचल्या, की पाण्याचा जोर कमी होतो, तळाशी पाणी तुंबते, दुर्गंधी येते आणि धुतलेल्या भांड्यांवर बारीक कण चिकटलेले आढळतात. म्हणून खरकटे आधी काढावे आणि गाळणी आठवड्यातून एकदा धुवावी.

विसळण्याची गोष्ट वेगळी आहे. यंत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या साबणाच्या भुकटीत किंवा वडीत सामान्यतः विकरे असतात. काही विकरे डाळी, दूध, अंडी यांतील प्रथिनांचे, तर काही भात व बटाटा यांतील पिष्टाचे लहान तुकडे करतात. तेलकटपणा गरम पाणी व साबणातील इतर द्रव्ये काढून टाकतात. जे काम साबण व गरम पाणी करणारच आहे, तेच काम विसळणारा माणूस आधी एकदा करून ठेवतो. काही यंत्रांत पाण्याचा गढूळपणा ओळखणारी सोयही असते. भांडी आधीच विसळलेली असली, तर पाणी स्वच्छ दिसते आणि असे यंत्र धुण्याचे काम आटोपते घेऊ शकते. मग कोपऱ्यात राहिलेला चिकट थर तसाच राहण्याचा संभव असतो.

आता हिशेब पाहू. समजा, चौघांच्या कुटुंबात एका जेवणाची ४ ताटे, ८ वाट्या, ४ पेले, १ पातेले व १ कढई, अशी १८ भांडी निघाली. प्रत्येक भांडे १० सेकंद नळाखाली धरले, तर १८० सेकंद, म्हणजे ३ मिनिटे नळ चालू राहतो. नळातून मिनिटाला ६ लिटर पाणी येत असेल, तर १८ लिटर पाणी वाहून जाते. दोन्ही वेळच्या जेवणाचे मिळून ते ३६ लिटर होते. दोन्ही वेळची ही भांडी साठवून एकदाच लावली, तर मोठे यंत्र साधारण १० ते १२ लिटर पाण्यात ती धुते. म्हणजे धुण्यापेक्षा धुण्याच्या तयारीलाच अधिक पाणी लागले. आपल्या नळाखाली एक मिनिट बादली धरून कोणालाही हा हिशेब स्वतः करून पाहता येईल. मे २०२४ मध्ये दिल्लीत पाण्याची तीव्र टंचाई झाली, तेव्हा नळीने गाड्या धुण्यासारख्या अपव्ययासाठी २,००० रुपये दंड ठरवण्यात आला होता. अशा शहरात रोजचे ३६ लिटर क्षुल्लक म्हणता येत नाहीत.

विसळण्याचा आग्रह वाढण्यामागे आणखी एक कारण असते. धुतलेल्या पेल्यांवर पांढरट थर दिसतो आणि भांडी नीट निघाली नाहीत असे वाटते. या परिसरात अनेक ठिकाणी भूजल दुष्फेन, म्हणजे जड, आहे. पाणी वाळले, की त्यातील क्षार भांड्यावर उरतात. अशा पेल्यावर लिंबाचा रस चोळून पाहावा. थर निघून गेला, तर तो खरकट्याचा नव्हे, क्षारांचा आहे, असे समजावे. त्यावर उपाय विसळण्याचा नाही. यंत्रातील मिठाच्या कप्प्यात डिशवॉशरचे खास मीठ भरावे आणि पाण्याच्या जडपणानुसार यंत्राची मात्रा ठरवावी. जेवणातील मीठ तेथे वापरू नये.

या नियमाला काही अपवाद आहेत. दूध करपलेले पातेले किंवा मसाला तळाला लागलेली कढई यंत्राच्या फवाऱ्याने निघत नाही. अशा भांड्यात थोडे पाणी घालून ते भिजत ठेवावे व नंतर करपलेला थर खरवडून काढावा. भांडी एक-दोन दिवस साठवायची असतील, तर यंत्रातील केवळ विसळण्याची सोय वापरावी. तिला थोडेच पाणी पुरते. एरवी ताटातील खरकटे काढून ते ओल्या कचऱ्यात टाकावे आणि ताट सरळ यंत्रात लावावे.